बंड्याची गिरकी आणि दारातली साखळी

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. आमचा बंड्या आठ महिन्यांचा अल्सेशियन, महिन्याचा असताना आणलेला. संक्रांतीच्या सुमारास तो स्वतःचं शेपूट धरायला गोल फिरायला लागला. पोरं टाळ्या वाजवायची, आम्हीही हसायचो, व्हिडिओ काढायचो. सध्या द्राक्षाचा माल निघतोय, माणसांची ये-जा फार, म्हणून त्याला दिवसभर बांधतो आणि रात्री सोडतो. टेम्पो आला, मोटर सुरू झाली, जेवायला ताटं घेतली की याचं फिरणं सुरू. कधी दहा-दहा मिनिटं. भाकरी दाखवली की थांबतो, खातो आणि परत फिरतो. रात्री मोकळा असताना मात्र फिरत नाही. शेपटीच्या टोकाचे केस गेलेत, काल रक्त दिसलं. सासरे म्हणतात पिल्लाचा खेळ आहे. शेजारी म्हणतात जंत झालेत, रॉकेल लावा. दीर म्हणतात शेपूटच कापून टाकू. नेमकं काय समजायचं?*
*— एक वाचक भगिनी*

ताई, रॉकेल लावू नका आणि दिरांना कात्री खाली ठेवायला सांगा. तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं संक्रांतीला खरं होतं. आता ते खरं राहिलेलं नाही, आणि हे मी शेपटीतून आलेल्या रक्तावरून म्हणत नाही. तुम्ही सहज लिहून गेलात ती दोन वाक्यं मला महत्त्वाची वाटली: भाकरी खाऊन परत फिरतो, आणि रात्री मोकळा असताना फिरत नाही. बंड्याचं बरंचसं निदान त्या दोन वाक्यांत आहे.

आधी सासरेबुवांची बाजू. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला आपल्या मागं काहीतरी हलतंय हे एक दिवस अचानक दिसतं. ते आपलंच आहे हे त्याला ठाऊक नसतं. हलणाऱ्या वस्तूमागं धावायचं हे रक्तातच असल्यामुळं ते धावतं. अशा पिल्लाकडं नीट बघा. अंग सैल असतं, तोंड अर्धवट उघडं, कान इकडंतिकडं. चार-पाच गिरक्या होतात, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून, मग तोल जाऊन बदकन बसतं, आणि समोरून कोंबडी गेली की शेपूट विसरून कोंबडीमागं लागतं. मोठं कुत्रंही आंघोळ घातल्यावर किंवा घरधनी गावाहून आल्यावर एखादी गिरकी मारतं. झोपायच्या आधी दोन-तीन फेऱ्या मारून जागा करून बसणं, परसाकडेला बसण्याआधी गोल फिरणं, हेही सगळं सरळ आहे. त्याला औषध नाही आणि त्याची काळजीही नको.

खेळ ओळखायची माझी कसोटी गिरक्या मोजण्याची नाही. मी बघतो, कुत्रं त्यातून बाहेर येतं का, आणि बाहेर आल्यावर बाहेर राहतं का. खेळणाऱ्या पिल्लाला हाक मारली की ते येतं आणि मग दुसऱ्याच उद्योगाला लागतं. बंड्या भाकरीसाठी थांबतो, म्हणजे तो शुद्धीवर आहे, हे चांगलं लक्षण. पण घास गिळला की पुन्हा तिथंच जातो, म्हणजे आतून काहीतरी त्याला परत ओढतंय. खेळ कुणी असा ओढून नेत नाही. खेळाचा कंटाळा येतो, याचा बंड्याला येत नाही.

तरीही ‘सवय लागली’ असं म्हणून मोकळं होण्याआधी मागचा भाग तपासायचाच. इथं माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी सातारा जिल्ह्यात होतो. एका बंगल्यातलं पांढरं पॉमेरेनियन दाखवायला आणलं होतं, गोल गोल फिरून ढुंगणाकडं झेपावणारं. मी लांबूनच पाहिलं, हसलो, जंताची गोळी लिहून दिली आणि खेळ म्हणून सोडून दिलं. शेपूट वर करून बघितलंच नाही. पंधरा दिवसांनी तेच कुत्रं आलं तेव्हा गुदद्वाराशेजारी पू भरून गाठ फुटली होती. त्या बिचाऱ्याला पहिल्या दिवसापासून तिथं ठणकत होतं आणि ते दुखणाऱ्या जागेपर्यंत तोंड न्यायला धडपडत होतं. तेव्हापासून गिरक्या घेणारं कुत्रं आलं की मी शेपूट उचलल्याशिवाय बोलत नाही.

तेव्हा तुम्हीही उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, बंड्या शांत असताना त्याला उजेडात घ्या. एकानं पुढून डोकं कुरवाळत धरावं, दुसऱ्यानं बघावं. बंड्या गुरगुरला किंवा अंग आखडलं तर तिथंच थांबा, बाकीचं डॉक्टर तोंडाला पट्टी बांधून करतील.

शेपटीच्या बुडाशी, कमरेच्या वरच्या बाजूला केस उलटे करून बघा. पिसवा बहुतेक तिथंच बसतात. पिसू पळून जाते, पण तिची घाण राहते, काळ्या तिळाएवढी किंवा त्याहून बारीक. ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. माती असेल तर मातीसारखीच राहील. पिसवांची घाण असेल तर कापसावर तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते आणि मोजक्या पिसवाही त्यांना कमरेपासून शेपटीपर्यंत खाजवून वेडं करतात. गोठा जवळ असेल तर गोचीड आणि पिसवा या दोन्ही गोष्टी धरूनच चालायचं.

मग शेपूट उचला. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या, म्हणजे गुदग्रंथी, असतात. त्यांतला उग्र वासाचा स्राव एरवी शौचाबरोबर बाहेर पडतो. तो घट्ट होऊन अडकला की कुत्रं ढुंगण जमिनीला घासत पुढं सरकतं, सारखं चाटतं, आणि सडक्या मासळीसारखा वास येतो. सूज किंवा लाली दिसली तर पिळायला जाऊ नका. ते काम डॉक्टरांचं, चुकीचं दाबलं तर पिशवी आत फुटते. तिथल्या केसांना तांदळाच्या किंवा काकडीच्या बियांसारखे कण चिकटलेले दिसले तर ते चपट्या जंताचे तुकडे. म्हणजे शेजाऱ्यांचं अगदीच काही चुकलं नाही, जंतांनी खाज येतेच. पण हा जंत पिसू गिळल्यामुळं पोटात जातो. नुसती गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर थोड्याच आठवड्यांत तांदूळ परत दिसणार.

शेवटी पाठीवरून हात फिरवत कमरेपर्यंत या आणि जिथं कंबर संपून शेपूट सुरू होतं तिथं हलकेच दाबा. दचकला, खाली बसला, वळून हाताकडं बघितलं, किंवा शेपूट वर उचलतच नसेल, तर तिथं दुखतंय असं समजायचं. अल्सेशियनमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांत नस दबायचा आजार असतो. तो सहसा मधल्या वयात येतो, म्हणून बंड्याला तो असेल असं मला वाटत नाही. पण दारात चेमटून शेपटीचं हाड दुखावलं असेल, तर ते कुठल्याही वयात होतं. शेपटीला बोटानं गाठी चाचपत टोकापर्यंत जा, एखादी गाठ वाकडी किंवा गरम लागते का बघा.

माझा अंदाज असा की यांतलं फारसं काही सापडणार नाही. कारण तेच तुमचं दुसरं वाक्य. पिसवा रात्री सुट्टी घेत नाहीत. गुदग्रंथी ठणकत असेल तर कुत्रं मोकळं असो की बांधलेलं, टेम्पो येवो न येवो, मध्येच उठून मागं बघतं. बंड्याचं फिरणं माणसांच्या आणि यंत्रांच्या वेळापत्रकावर चालतंय आणि साखळी सुटली की थांबतंय. शरीराचा आजार इतका वेळ पाळून वागत नाही. अंदाज चुकू शकतो, म्हणूनच तपासायला सांगितलं.

गोल फिरण्याचा एक वेगळाच प्रकार आहे, त्याची गफलत होऊ नये. त्यात कुत्रं शेपटीकडं बघतच नाही. एकाच बाजूला, एकाच वळणानं, मान त्या बाजूला कललेली, घाणा ओढणाऱ्या बैलासारखं फिरत राहतं. भिंतीला धडकतं, डोळे आडवे थरथरतात, उभं राहिलं तरी तोल जातो. हे कानाच्या आतल्या भागाचं किंवा मेंदूचं दुखणं असतं. म्हाताऱ्या कुत्र्यात ते एका रात्रीत येतं, घरचे लकवा समजून आशा सोडतात, आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत ते बरंही होतं. लहान वयात, लस न दिलेल्या कुत्र्यात, नाकाडोळ्यांतून घाण, ताप आणि अंगाला झटके यांच्यासोबत असं फिरणं दिसलं तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची. स्वभाव एकाएकी बदललाय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, दिसेल ते चावतंय, असं कुत्रं असेल तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका, लांबून कोंडा आणि डॉक्टरांना बोलवा. बंड्याचं यातलं काही नाही. रेबीजची लस मात्र टोचली आहे का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर याच फेरीत टोचून घ्या.

आता बंड्याकडं येऊ. पत्रावरून मला दिसतं ते असं. संक्रांतीला तो चार-पाच महिन्यांचा होता, शेपूट नुकतंच सापडलं होतं. तो फिरला, तुम्ही हसलात, पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याच्या हिशेबात याचा अर्थ, फिरलं की सगळी माणसं माझ्याकडं बघतात. यात तुमचा फार दोष नाही, सगळं जग हेच करतं. 2011 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी इंटरनेटवरचे शेपटीमागं फिरणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ जमवून तपासले, तर निम्म्याहून जास्त व्हिडिओंत माणसांच्या हसण्याचा आवाज होता. त्या कुत्र्यांत आजारी वाटणारी कुत्रीही बरीच होती.

इथपर्यंत खेळच होता. मग माल काढायला सुरुवात झाली. अल्सेशियन म्हणजे मुळात मेंढ्या हाकणाऱ्या, राखणाऱ्या कुत्र्याची जात. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडं धावायचं, तिला वळवायचं, हे त्याच्या अंगात. अशा पोरवयातल्या जनावरासमोरून दिवसभर टेम्पो, क्रेट, व्यापारी, मजूर चाललेत आणि गळ्याला पाच हात साखळी. पाय धावायला निघतात, साखळी थांबवते. पुढं जाता येत नाही, मागं हटवत नाही. तो जोर कुठंतरी निघतोच. बंड्याकडं एक वाट आधीच तयार होती, संक्रांतीची. तिच्यावर तो निघाला आणि फिरल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं.

घोळ या हलकं वाटण्यात आहे. पहिल्यांदा गिरकी टेम्पोसाठी असते. मग मोटरच्या आवाजासाठी होते, कारण मोटरच्या आवाजानंही तोच ताण येतो. मग ताटांच्या आवाजाला. तुमच्या पत्रात या तिन्ही पायऱ्या आहेत, म्हणूनच मी घाईनं लिहितोय. यापुढची पायरी म्हणजे कारणच लागत नाही, कुत्रं सकाळी उठतं आणि फिरायला लागतं. भाकरीनं थांबत नाही, हाक ऐकू येत नाही, पाणी प्यायचं राहतं, वजन उतरतं. बंड्या अजून तिथं पोहोचलेला नाही. रात्री मोकळा असताना तो शेपूट विसरतो, म्हणजे परतीची वाट अजून उघडी आहे.

काही अंशी हे जातीतही असतं. अल्सेशियन आणि बुल टेरियर या दोन जाती शेपटीच्या वेडासाठी जगभर नावाजलेल्या आहेत. फिनलंडमध्ये 2012 साली साडेतीनशेहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यात पुष्कळ कुत्र्यांत हे तीन ते सहा महिन्यांच्या वयात सुरू झालेलं आढळलं, आणि आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत ते जास्त दिसलं. तुम्ही बंड्याला महिन्याचा असताना आणलात. निदान आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहायला हवं. आपल्याकडं विकणारा ‘लवकर नेलं की लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारतो. झालं ते झालं, पण पुढच्या वेळी लक्षात असू द्या.

आता करायचं काय. पहिलं काम जखमेचं. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, कोरडी करा आणि डॉक्टरांकडं न्या. टोकाची जखम दिसायला बारीक असते, पण शेपूट दिवसभर भिंतीवर आपटून ती भरत नाही, आणि या दिवसांत माश्या बसून दोन दिवसांत अळ्या पडतात. रॉकेल, फिनेल यांनी कातडी भाजते, आणि कुत्रं ते चाटतं तेव्हा विष पोटात जातं. सांगलीत बसून हळदीला नावं ठेवायची माझी छाती नाही, पण हळद लावून बांधून ठेवणं हा इथं उपाय नव्हे, तो पट्टी दोन मिनिटांत सोडून खाईल. डॉक्टर गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालतील. तो जखम भरेपर्यंतच. कोन घातला म्हणजे वेड गेलं असं नाही, फक्त दात पोहोचत नाहीत. आणि माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या घरात असतील, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, त्यांतली एकही देऊ नका.

शेपूट कापण्याबद्दल. मी अशी कुत्री पाहिली आहेत. शेपूट नसताना ती बुडख्यामागं फिरतात. शिवाय कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ होऊन दुखणं नव्यानं लागतं. टोक सडलं, हाड उघडं पडलं तरच ते कापायचं, आणि ते शस्त्रक्रिया म्हणून.

दुसरं काम साखळीचं. माल निघेपर्यंत त्याला पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, हे मी मळ्यातलाच माणूस असल्यानं समजतो. पण जागा बदलता येते. रस्त्याकडची, टेम्पो दिसणारी जागा सोडून घराच्या मागं, सावलीला, दोन खांबांमध्ये तार ताणा, तारेत कडी आणि कडीला साखळी. त्याला वीस-पंचवीस फूट जा-ये करता येईल. साखळी खांबाला किंवा झाडाला गुंडाळणार नाही एवढी लांबी ठेवा. समोर पोत्यांचा किंवा शेडनेटचा आडोसा करा. आवाज येईल, पण टेम्पो दिसला नाही तरी निम्मा ताण कमी होतो.

सकाळी सहाला, टेम्पो यायच्या आधी, त्याला पट्ट्यावर घेऊन अर्धा-पाऊण तास मातीच्या वाटेनं चालवा. हुंगू द्या, ओढून नेऊ नका. अल्सेशियनला हुंगणं हे चालण्याहून जास्त दमवतं. मोटरसायकलला बांधून पळवायची आपल्या भागात पद्धत आहे, ती नको. आठ महिन्यांत हाडं-सांधे अजून तयार नसतात आणि या जातीचे खुब्याचे सांधे आधीच नाजूक. आणि दुपारी बाराच्या उन्हात दहा मिनिटं गिरक्या घेतल्या तर उष्माघात होऊ शकतो. जीभ जांभळट लाल, धाप थांबत नाही, चाल लटपटते असं दिसलं तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

तिसरं काम जेवणाचं. ताटातली भाकरी भसकन समोर टाकू नका. उसाचं पाचट मळ्यात कुठंही मिळेल. एक पाटीभर पाचट पसरा आणि त्याच्या रोजच्या खाण्यातली भाकरी, अंड्याचे तुकडे त्यात बारीक करून लपवा. बंड्याला नाकानं शोधून खाऊ द्या. सुरुवातीला वरवर टाका, पुढं खोल. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवलं तरी चालतं. यात वीस मिनिटं जातात आणि नंतर कुत्रं आपणहून आडवं होतं. तुमच्या घरची जेवणं सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी हे त्याच्यासमोर ठेवा, म्हणजे ताटाचा आवाज आणि गिरकी यांची गाठ सुटायला लागेल.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो, कारण तुम्ही द्राक्षाच्या गावच्या. बक्षीस म्हणून बेदाणे किंवा द्राक्षं देऊ नका. कुत्र्याला त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल ते सांगता येत नाही, एखादं थोड्यावर जातं. पोरांना हे आधी सांगा. बेदाण्याच्या शेडमध्येही बंड्याला सोडू नका, आणि फवारणीची टाकी, रिकामे डबे त्याच्या तोंडाशी येणार नाहीत असे ठेवा.

चौथं काम थोडं नाजूक आहे. तुम्ही फिरताना भाकरी दाखवता. हेतू चांगला, परिणाम उलटा. बंड्यानं शिकून घेतलंय की फिरलं की भाकरी येते. त्याऐवजी असं करा. एक नवा शब्द घ्या, आतापर्यंत कधी रागावून वापरला नसेल असा. ‘इकडं’ म्हणू. रात्री, मोकळा आणि शांत असताना, दोन हातांवरून ‘इकडं’ म्हणा, तो आला की हरभऱ्याएवढा अंड्याचा तुकडा. दहा वेळा, बस. पाच-सहा दिवस रोज एवढंच. गिरकीच्या वेळी हा शब्द या दिवसांत वापरायचाच नाही, कारण कच्चा शब्द गिरकीत फुकट जातो.

मग दिवसा. गिरकीच्या आधी एक क्षण असतो, तो तुम्हाला पकडायचा आहे. अंग ताठ होतं, कान पुढं, शेपूट वर, आणि मग मान वळून शेपटीकडं एक नजर जाते. त्या नजरेच्या आत ‘इकडं’ म्हणा. आला की बसायला लावा, चार पावलं चालवा आणि मग तुकडा द्या. हे चालवणं महत्त्वाचं, त्यामुळं बक्षीस गिरकीला न मिळता येण्याला मिळतं. क्षण हुकला आणि फिरणं सुरू झालं, तर ओरडू नका, मारू नका, हसूही नका. ओरडणं हेही त्याच्या हिशेबात लक्ष देणंच, आणि त्यात भीती मिसळली की ताण वाढून गिरकी लांबते. शांतपणे त्याचा फिरायला न्यायचा पट्टा हातात घेऊन वाजवत विरुद्ध दिशेला चालू लागा. मागं आला की थोडं चालवा.

पोरांना सगळ्यांत अवघड काम द्यायचंय, टाळ्या न वाजवण्याचं. त्याबदल्यात पाचटात लपवायचं काम त्यांना द्या. वहीही त्यांच्याकडं द्या: किती वाजता, आधी काय झालं, किती मिनिटं, कशानं थांबला. दहा दिवसांनी ती वही बघा. गिरक्या एकदम शून्य होणार नाहीत. पण दहा मिनिटांच्या तीन मिनिटं झाल्या, मोटरच्या आवाजाला फिरेनासा झाला, तर गाडी रुळावर आहे. पहिले तीन-चार दिवस वाढल्यासारखं वाटेल, कारण पूर्वी मिळणारं हसू आणि भाकरी बंद झालेली असेल आणि तो आणखी जोर लावून बघेल. तिथं कच खाल्ली, ‘जाऊ दे, द्या एक तुकडा’ झालं, की जास्त जोरानं फिरायचं हे तो पक्कं शिकेल.

तीन-चार आठवड्यांत वहीतले आकडे हलले नाहीत, किंवा कारण नसताना फिरायला लागला, तर औषधाची वेळ आली असं समजा. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधं कुत्र्यांना देतात, माणसांच्या मनाच्या आजारांतही तीच चालतात. ती वजनावर मोजून पशुवैद्यकानंच द्यायची. चार ते आठ आठवड्यांशिवाय त्यांचा गुण दिसत नाही, आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात तोडूही नका. साखळी, पाचट, ‘इकडं’ हे सगळं चालू असेल तरच औषध कामाला येतं. नुसत्या गोळीवर बांधलेलं कुत्रं सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाही. फिरताना डोळे शून्यात लागलेत, हवेत चावतोय, नंतर काही वेळ ओळखत नाही, किंवा फिरता फिरता लघवी होते, असं दिसलं तर ते झटक्यांचं दुखणं असू शकतं. मग तीन आठवडे थांबायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात निदान होईना तर साताऱ्याच्या हद्दीत शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं न्या.

दवाखान्यात एक अडचण हमखास येते. परक्या जागी, परक्या वासात कुत्रं भेदरून गप्प बसतं, एकही गिरकी घेत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, ‘याला काय झालंय?’ म्हणून संक्रांतीचे ते व्हिडिओ पुसू नका. त्यातला एक आणि आज टेम्पो येताना लांबून, न हसता काढलेला एक, दोन्ही मोबाईलमध्ये घेऊन जा. जुन्यात अंग सैल आहे का, तो मध्येच थांबून कॅमेऱ्याकडं बघतो का, दोन्ही बाजूंनी फिरतो का, आणि नव्यात यातलं काय राहिलंय, हे डॉक्टर आवाज बंद करून बघतील. घरी तुम्हीही आधी तसंच बघा, आवाज बंद करून.